तारीख कुणी ठरवली, हे विचारा

परीक्षेच्या आदल्या रात्री अपेंडिक्सच्या दुखण्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याबद्दल परीक्षा विभागात फारशी चर्चा होत नाही. दुसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी रुग्णालयाचा कागद घेऊन येतं, बघणारा चुकचुकतो आणि अर्ज पुढे जातो. त्याच टेबलावर दुसरा अर्ज असतो. तो महिनाभर आधी आलेला आहे, नीट लिहिलेला आहे, सोबत शल्यचिकित्सकाचं पत्र आहे, शस्त्रक्रियेची तारीख आहे. या अर्जावर मात्र चर्चा होते. ‘तारीख यांनीच घेतली ना? मग परीक्षेनंतरची घ्यायची.’ अर्ज बाजूला पडतो, किंवा ‘नियमात बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर मिळतं.

हे उलटं आहे असं माझं म्हणणं आहे. आगाऊ कळवणारा परीक्षार्थी विभागाचं काम सोपं करत असतो. त्याचा बैठक क्रमांक अजून निघालेला नसतो, हजेरीपट छापलेला नसतो, पुढच्या परीक्षेची नोंदणी सुरू व्हायची असते. ऐनवेळी आलेल्या अर्जाने जे घोटाळे होतात त्यातला एकही इथे होत नाही. तरीही आपल्या नियमांना तोच जास्त संशयास्पद वाटतो, कारण नियम अपघात डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. परीक्षा पुढे ढकलण्याच्या सवलतीची व्याख्या बघा. बहुतेक ठिकाणी कारण ‘अचानक उद्भवलेलं’ आणि ‘टाळता न येणारं’ हवं अशी अट असते. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांच्या नियमांतही याच धर्तीची भाषा आहे. ठरवून केलेली शस्त्रक्रिया पहिल्या अटीत मुळातच बसत नाही. ती अचानक नसते, हाच तर तिचा गुण. दुसऱ्या अटीवर वाद घालता येतो, पण तो वाद अर्ज वाचणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहतो.

विभाग विचारतो, ‘ही शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असंच येतं. तातडीचं नसेल तर ठरवून करायच्या बहुतेक शस्त्रक्रिया चार आठवडे ढकलता येतात. म्हणून हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याच्या जागी दोन प्रश्न हवेत. ही तारीख कुणाच्या हातात होती, आणि ती बदलली तर किंमत कुणी मोजायची? आणि पेपरच्या दिवशी हा परीक्षार्थी नेमकं काय करू शकणार नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं देणारं पत्र मंजूर व्हावं, न देणारं परत पाठवून माहिती मागावी. एवढं केलं तरी बरेच अर्ज कुरबुरीशिवाय निकालात निघतील.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक प्रकरण घेऊ. मुद्दाम असं घेतो की ज्यात परीक्षार्थीची बाजू पहिल्या नजरेत कमकुवत दिसते.

समजा, एका विद्यार्थ्याला पायलोनायडल सायनस आहे. माकडहाडाजवळ, दोन्ही नितंबांमधल्या खाचेत, त्वचेखाली केस रुतून पोकळी तयार होते, तिथे पू साठतो, फुटतो, पुन्हा साठतो. हा प्रामुख्याने तरुणांचा आजार आहे, आणि त्यातही मुलांमध्ये जास्त. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांमध्ये इतका आढळला की जीपमध्ये तासन्‌तास हादरे खात बसण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आणि ‘जीप डिसीज’ हे नावच पडलं. जिवाला धोका नाही. पण ज्याला तो झालाय त्याला बसता येत नाही, आणि परीक्षा ही तीन तास बसून द्यायची गोष्ट आहे.

ऑगस्टच्या अखेरीस या विद्यार्थ्याला तिथे गळू झालं आणि तातडीने चीर देऊन पू काढावा लागला. हा झाला तात्पुरता इलाज. काहींचं दुखणं एवढ्यावरच थांबतं, याचं थांबलं नाही, जखमेतून स्राव येत राहिला. अशा वेळी मुळातली पोकळी काढून टाकायची शस्त्रक्रिया करतात, पण ती सुजलेल्या, पू असलेल्या जागेवर लगेच करत नाहीत. दाह ओसरायला काही आठवडे जाऊ देतात. शल्यचिकित्सकाने सप्टेंबरच्या अखेरीस तपासून २ नोव्हेंबरची तारीख दिली. पोकळी काढायची आणि शेजारची त्वचा वळवून ती जागा झाकायची, असं ठरलं. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात आणि शल्यचिकित्सकाच्या पद्धतीप्रमाणे दोन-तीन आठवडे सलग बसू देत नाहीत, कारण बसल्याने टाक्यांवर ताण येतो आणि जखम उकलते. जखम उघडी ठेवून भरू द्यायची दुसरीही पद्धत आहे, पण तिला कित्येक आठवडे लागतात आणि रोज ड्रेसिंग करावं लागतं.

परीक्षेचं वेळापत्रक असं आहे: ९, १३, १८, २४ आणि २७ नोव्हेंबर. पाच पेपर, प्रत्येकी तीन तास.

आता कुणीही म्हणेल, २७ला परीक्षा संपते, २८ला शस्त्रक्रिया करा. शल्यचिकित्सकाला विचारलं तर तोही म्हणेल, ‘जीव जाणार नाही.’ पण तो पुढे जे सांगेल ते ऐकायला विभागाकडून कुणी त्याच्यासमोर बसलेलं नसतं. स्राव चालू असताना पुन्हा गळू होऊ शकतं. ते झालं तर बहुधा ऐन परीक्षेत होईल, कारण त्याच दिवसांत विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ बसून असणार. मग पुन्हा चीर, पुन्हा दाह ओसरण्याची वाट, आणि मूळ शस्त्रक्रिया आणखी दोन महिने लांबणीवर. शस्त्रक्रियेची तारीख रुग्णालयाच्या यादीतून मिळालेली आहे. ती सोडली तर पुढची कधी मिळेल हे विद्यार्थी ठरवत नाही. म्हणजे ‘ढकलता येते’ हे खरं असलं तरी ढकलण्याचा धोका पूर्णपणे विद्यार्थ्याच्या अंगावर येतो, आणि विभागाला त्या बदल्यात काय वाचतं? एक अर्ज हाताळण्याचं काम.

या विद्यार्थ्याने लिहायचं पत्र मी पुढे देतो. नमुना म्हणून कॉपी करायला ते दिलेलं नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे, ते दाखवायला दिलं आहे.

प्रति,
माननीय परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग

विषय: नियोजित शस्त्रक्रियेमुळे तीन विषयांची परीक्षा पुढील सत्रात देण्याची परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

मी तिसऱ्या वर्षाचा नियमित परीक्षार्थी आहे. नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज आणि शुल्क मी मुदतीत भरले आहे.

२ नोव्हेंबर रोजी माझी शस्त्रक्रिया ठरली आहे. ही तारीख रुग्णालयाने दिली आहे. ऑगस्टमध्ये याच कारणासाठी तातडीचे उपचार झाल्यानंतर मधला काळ जाऊ देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होते. परीक्षेनंतरची तारीख घेतल्यास परीक्षेच्या काळातच त्रास उलटण्याची शक्यता असल्याचे शल्यचिकित्सकांनी सोबतच्या पत्रात नमूद केले आहे.

शस्त्रक्रियेनंतर २३ नोव्हेंबरपर्यंत मला अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसण्यास मनाई आहे. त्यामुळे ९, १३ आणि १८ नोव्हेंबरचे पेपर मी देऊ शकणार नाही. हे तीन विषय पुढील परीक्षा सत्रात देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

२४ आणि २७ नोव्हेंबरचे पेपर देण्याची माझी तयारी आहे. त्या दिवशी अधूनमधून उभे राहण्याची आणि स्वतःची उशी वापरण्याची परवानगी मिळावी. २० नोव्हेंबरला माझी फेरतपासणी आहे. जखम भरण्यास उशीर झाल्याचे तेव्हा आढळल्यास २१ तारखेपर्यंत शल्यचिकित्सकांच्या पत्रासह कळवीन.

पुढे ढकललेल्या तीन विषयांची नोंद ‘अनुपस्थित’ अशी न होता त्यांचा पहिला प्रयत्न अबाधित राहावा, तसेच या विषयांचे अंतर्गत गुण कायम राहावेत, अशीही विनंती आहे.

शस्त्रक्रिया झाल्याचा रुग्णालयाचा दाखला घरी परतल्यापासून सात दिवसांत सादर करीन. शस्त्रक्रियेची तारीख बदलल्यास त्याच दिवशी कळवीन. आपला निर्णय २५ ऑक्टोबरपूर्वी लेखी मिळाल्यास मला रुग्णालयाला तारीख निश्चित कळवता येईल.

आपला विश्वासू

(तारीख ५ ऑक्टोबर. सोबत: शल्यचिकित्सकांचे पत्र, रुग्णालयाचे प्रवेशाबाबतचे पत्र, परीक्षा अर्जाची पावती.)

या पत्रात आजाराचं नाव नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दामच लिहिलेलं नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो आणि विभागांनीही हे मान्य करावं असं मला वाटतं. परीक्षा विभागाला आजार कळून उपयोग काय? तिथे बसलेला माणूस डॉक्टर नाही. ‘पायलोनायडल सायनस’ वाचून त्याला तीन तास बसण्याबद्दल काहीच कळत नाही, तो इंटरनेटवर शोधेल, फोटो बघेल आणि शेजारच्याला दाखवेल. आवक नोंदवहीपासून नियंत्रकांच्या टेबलापर्यंत एक अर्ज निदान चार-पाच हातांतून जातो. स्त्रीरोगाची शस्त्रक्रिया असलेली मुलगी, गुदद्वाराजवळचं दुखणं असलेला मुलगा, असे विद्यार्थी या चार-पाच हातांच्या धास्तीनेच अर्ज करत नाहीत आणि मग ‘गैरहजर’ म्हणून नोंदले जातात. ‘अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये’ हे वाक्य मात्र कुणालाही कळतं, पडताळता येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हाताची शस्त्रक्रिया असेल तर ‘अमुक तारखेपर्यंत उजव्या हाताने लिहू नये’, डोळ्याची असेल तर ‘अमुक तारखेपर्यंत वाचन करू नये’. विभागाला हवं ते एवढंच.

अर्थात, खोटे दाखले येतात. येतातच. पण ते आजाराचं नाव लिहिलं म्हणून थांबत नाहीत, उलट खोट्या दाखल्यावर आजाराचं नाव ठळक असतं. खोटा किंवा निष्काळजीपणे दिलेला दाखला ओळखायची खूण निराळी आहे. ‘सदर रुग्ण माझ्याकडे उपचार घेत असून त्यास विश्रांतीची गरज आहे’ एवढं लिहिलेला दाखला बघा. त्यात प्रवेशाची तारीख नाही, शस्त्रक्रिया कोण करणार ते नाही, मनाई कशाची आणि कधीपर्यंत ते नाही. खरा शल्यचिकित्सक घाईत असला तरी हे चार तपशील देऊ शकतो, कारण ते त्याच्या कागदांत आधीच असतात. विभागाने दाखल्याचा एक छापील नमुना दिला आणि त्यात या रकाने ठेवले, तर डॉक्टरलाही कळेल आपल्याकडून काय हवं आहे. बिचारा विद्यार्थी तीनदा हेलपाटे घालतो तो बहुतेक वेळा याच कारणाने: डॉक्टर वैद्यकीय भाषेत लिहितो आणि विभागाला तारखा हव्या असतात. शिवाय ठरलेल्या शस्त्रक्रियेला एक सोय आहे जी अचानकच्या आजाराला नाही. दोन कागद मागता येतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. आधीच्यावर परवानगी द्यायची, नंतरच्यावर ती पक्की करायची. शस्त्रक्रिया झालीच नाही तर नंतरचा कागद येणार नाही. तपासाची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

पाचपैकी तीनच पेपर पुढे ढकलायची विनंती का, सगळेच का नाही? कारण मनाई २३पर्यंत आहे. त्यापलीकडचं मागितलं तर पत्राचा कणा मोडतो. पण इथे विभागाकडूनही एक गोष्ट अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी नियम ‘सगळी परीक्षा किंवा काहीच नाही’ असा असतो, कारण संगणकप्रणालीत परीक्षार्थी एक तर या सत्रात असतो किंवा पुढच्या. ही अडचण तांत्रिक आहे, शैक्षणिक नाही. नापास विषयांसाठी विषयवार नोंदणी तीच प्रणाली करू शकते, मग ढकललेल्या विषयांसाठी का नाही?

तरीही विद्यार्थ्याने शेवटचे दोन पेपर देण्याची तयारी दाखवताना सावध असावं. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत एक नियम आहे: पेपरला बसलात म्हणजे तुम्ही स्वतःला परीक्षेसाठी तंदुरुस्त जाहीर केलंत, नंतर ‘बरं नव्हतं’ म्हणता येणार नाही. जिथे असा नियम लिहिलेला नाही तिथेही व्यवहार साधारण तोच आहे. निकाल लागल्यावर आलेल्या तक्रारीकडे कुणी बघत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणून २४च्या पेपरबाबत पत्रात फेरतपासणीची अट घातली आहे. जखम उकलणं या शस्त्रक्रियेनंतर दुर्मीळ नाही. पत्रात त्याची वाट आधीच ठेवली नाही, तर २० तारखेला जखम उकललेली दिसल्यावर विद्यार्थी दोन वाईट गोष्टींतून एक निवडतो: दुखऱ्या जागेवर बसून पेपर देतो, किंवा गैरहजर राहतो. ‘बघू, जमलं तर जाऊ’ हा सर्वांत महागात पडणारा विचार आहे. सातव्या दिवशी, वेदनाशामकांच्या गुंगीत ९ तारखेच्या पेपरला गेलेला मुलगा धाडसी वाटतो खरा, पण नापास झाला तर त्याच्याकडे मागायला काही उरत नाही.

पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र बहुतेक अर्जांत नसतेच. ती म्हणजे पहिल्या प्रयत्नाबद्दलची. ‘परवानगी देण्यात येत आहे’ असं उत्तर आलं की विद्यार्थी निश्चिंत होतो. पुढच्या सत्रात पेपर देतो, चांगले गुण मिळवतो आणि गुणपत्रिका हातात आल्यावर कळतं की तो पुनर्परीक्षार्थी म्हणून नोंदला गेला आहे. आधीच्या सत्रापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा आहे, प्रयत्न दोन मोजले आहेत. काही विद्यापीठांत फेरपरीक्षेचे गुण उत्तीर्णतेच्या मर्यादेपर्यंतच धरतात, म्हणजे सत्तर मिळाले तरी नोंद चाळीसची. काही ठिकाणी गुणवत्ता यादी, पदक, शिष्यवृत्ती यांना ‘पहिल्या प्रयत्नात सर्व विषय उत्तीर्ण’ अशी अट असते. परवानगी म्हणजे काय, हे परवानगीच्या पत्रात लिहिलेलं नसेल तर संगणकाला ते माहीत नसतं. त्याला ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ एवढंच कळतं. मंजुरीचा कागद फाइलमध्ये राहतो आणि निकाल प्रणालीतून येतो, या दोहोंमध्ये कुणीतरी तो शेरा हाताने बदलायला हवा असतो. तो बदलला की नाही हे निकालाआधी एकदा विचारून घ्यावं, हा सल्ला रूक्ष वाटेल, पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘दोन प्रयत्न का?’ याचं उत्तर देत बसण्यापेक्षा बरा.

अंतर्गत गुणांचंही तसंच. लेखी परीक्षा ढकलणं तुलनेने सोपं आहे, पुढच्या सत्राचा पेपर तसाही निघणार असतो. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेला मात्र बाहेरचा परीक्षक यायचा असतो, तुकड्या लावलेल्या असतात, एकासाठी तो परत येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्याबरोबर आधी प्रात्यक्षिकाच्या तारखा बघाव्यात आणि जमल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुकडीत उरकून घ्यावं. त्यासाठी अर्ज महाविद्यालयाकडे करायचा असतो, परीक्षा विभागाकडे नाही. दोन्ही एकाच पत्रात मागितलं की पत्र दोन्हीकडे फिरत राहतं.

आता आक्षेपांकडे येऊ. सगळ्यात वजनदार आक्षेप समतेचा आहे. इतर मुलांनी नोव्हेंबरमध्ये पाच पेपर दिले, याला तीन विषयांना पाच-सहा महिने जास्त मिळाले. हे खरं आहे आणि त्याचं पूर्ण निराकरण होत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे अभ्यास होत नाही, असं म्हटलं तरी उरलेले महिने उरतातच. पण हाच फायदा अपेंडिक्सच्या विद्यार्थ्यालाही मिळतो, आणि तेव्हा कुणी समतेचं नाव काढत नाही. शिवाय या फायद्यासोबत ओझंही येतं: पुढच्या सत्राचे स्वतःचे पेपर अधिक हे तीन, शिवाय मधल्या काळात मागे पडलेली शिकवणी. ज्या विद्यापीठांत मुख्य परीक्षेनंतर महिना-दीड महिन्यात पुरवणी परीक्षा होते, तिथे ढकललेले पेपर तीतच द्यायला लावावेत. अंतर कमी होतं, नवा पेपर काढावा लागत नाही. मात्र त्या परीक्षेला विद्यार्थ्याला पहिल्या प्रयत्नाचा म्हणून बसवावं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. उद्या कुणी नाकाचा आकार सुधारायला परीक्षेचाच आठवडा निवडेल. निवडेलही. आणि त्याला नकार द्यावा. इथेच पहिला प्रश्न कामाला येतो: तारीख कुणी ठरवली, आणि ती बदलल्याने काय बिघडेल? जिथे रुग्णाने सोयीची तारीख मागून घेतली आणि पुढे ढकलल्याने काहीच बिघडत नाही, तिथे विभागाला शस्त्रक्रिया सुट्टीत करायला सांगायचा पूर्ण अधिकार आहे. हे शल्यचिकित्सकाच्या पत्रातून कळतं. त्याला एवढंच विचारायचं: तारीख रुग्णालयाने दिली की रुग्णाने मागितली, आणि सहा आठवडे थांबल्यास काय होईल? शल्यचिकित्सक या दोन प्रश्नांना सरळ उत्तरं देतात. न देणारा एखादा असेल, तर त्या मौनाचाही अर्थ घेता येतो. याच कसोटीवर आपल्या सायनसच्या विद्यार्थ्याचा अर्ज टिकतो आणि नाकाचा टिकत नाही. दोघांची शस्त्रक्रिया ठरवूनच केलेली आहे, दोघांचीही जिवावरची नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, नियमातली पोकळी आहे. विद्यार्थ्याला परवानगी मिळाली, त्याने पहिल्या तीन विषयांची तयारी थांबवली, २ तारखेला सकाळी उपाशीपोटी रुग्णालयात गेला, आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. हे घडतं. तातडीचा रुग्ण येतो आणि शस्त्रक्रियागृह त्याच्यासाठी लागतं, किंवा आदल्या रात्री या मुलालाच ताप येतो आणि भूलतज्ज्ञ नाही म्हणतो. नवी तारीख मिळते १० नोव्हेंबरची. आता ९चा पेपर त्याने द्यायचा का? कागदावर बघितलं तर त्या दिवशी त्याला बसायला मनाई नाही. पण तो तयारीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला भूल दिली जाणार आहे. आणि मनाईची मुदत आता महिन्याच्या अखेरीपर्यंत गेली, म्हणजे २४ आणि २७ही गेले. बहुतेक नियम यावर गप्प आहेत. माझ्या मते मंजुरी एकदा दिली की रुग्णालयाने केलेल्या बदलामुळे ती मोडू नये. ढकललेले पेपर ढकललेलेच राहावेत, नव्या तारखेमुळे अडकणारे पेपर नव्या पत्रावर त्यांत भरावेत, आणि विद्यार्थ्याला स्वतःहून पेपर द्यायचा असेल तर मंजुरी लेखी मागे घ्यायची मुभा असावी. मागे घेतली की मग त्या पेपरपुरती तक्रार नाही. तारीख बदलल्याचं कळवलं नाही आणि शस्त्रक्रिया झालीच नाही, तर मंजुरी रद्द, नोंद ‘अनुपस्थित’. कडक आहे, पण दोन्ही बाजूंना आधी माहीत असलं की त्यात अन्याय नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. पत्रात २५ ऑक्टोबरपूर्वी उत्तर मागितलं आहे, अर्जापासून वीस दिवसांनी. अनेक विभागांना ही मागणी उद्धट वाटेल. पण उत्तर शस्त्रक्रियेआधी आलं तरच त्याला अर्थ आहे. ‘परीक्षा झाल्यावर समितीपुढे ठेवू’ हे उत्तर अपेंडिक्सला चालतं, कारण तिथे निवड करायची नसते. इथे विद्यार्थ्याला २ नोव्हेंबरची तारीख ठेवायची की सोडायची हे ठरवायचं आहे. नंतर ठरवू म्हणणं म्हणजे त्याला स्वतःच्या जोखमीवर शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगणं. मी पाहिलं आहे की समितीची बैठक महिन्यातून एकदा होते आणि असे अर्ज तिची वाट बघत पडतात. बैठक हवी ती वादग्रस्त अर्जांसाठी. ज्या अर्जात तारीख रुग्णालयाची आहे, मनाई स्पष्ट आहे आणि दाखल्यातले रकाने भरलेले आहेत, तो उपनियंत्रकांच्या सहीने आठवड्यात निघू शकतो.

आणि त्या उत्तरात काय असावं? कोणते विषय ढकलले, कोणत्या सत्रात द्यायचे, पुन्हा शुल्क लागेल की नाही, गुणपत्रिकेवर नोंद कशी होईल, अंतर्गत गुणांचं काय, आणि नंतरचा दाखला कधीपर्यंत कुणाकडे द्यायचा. नकार असेल तर कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावरून नकार दिला ते, आणि फेरविचारासाठी किती दिवस आहेत ते. ‘नियमात बसत नाही’ यातून यांपैकी काहीच कळत नाही. शल्यचिकित्सकाला पुन्हा काय लिहून द्यायला सांगायचं, हेही कळत नाही.